नावाची पाटी

सिडनीच्या पश्चिमेकडच्या उपनगरांत मराठी घरं बरीच आहेत. दर शनिवारी सकाळी सरकारी शाळेतली एक खोली भाड्याने घेऊन तिथे मुलांचा मराठी वर्ग भरवायचा, असं आम्ही काही पालकांनी ठरवलं. खोली मिळाली. शिकवायला तिघीजणी तयार झाल्या. पाच ते तेरा वयाची सतरा मुलं नोंदली गेली. नाव मात्र तीन बैठका होऊनही ठरेना. त्या तीन बैठकांत मला एक गोष्ट उमगली. परदेशातल्या मराठी वर्गाचं नाव हे मुलाने देवनागरीत वाचायचं पहिलं नाव असतं. स्वतःच्या नावाखालोखाल तोच शब्द त्याच्या डोळ्यांसमोर सर्वांत जास्त वेळा येतो. वहीच्या वेष्टणावर तो असतो, फळ्याच्या कोपऱ्यात असतो, प्रमाणपत्रावर असतो. तो मुलाला वाचता, बोलता आणि लिहिता येतो का, हे आम्ही सुरुवातीला पाहिलंच नाही. नाव आम्ही मोठ्यांच्या आवडीने निवडत होतो.

पहिल्या यादीत अकरा नावं होती. ज्ञानदीप, अक्षर, किलबिल, मायबोली, सह्याद्री, अंगण, चांदोबा, तुतारी, बालसंस्कार, अंकुर आणि पाटी. शेवटचं नाव एका आजींनी सुचवलं होतं. त्या सहा महिन्यांसाठी लेकीकडे आल्या होत्या आणि बैठकीत कोपऱ्यात बसून ऐकत होत्या. त्या वेळी त्या नावाकडे कुणी फारसं लक्ष दिलं नाही. सर्वांचा ओढा ज्ञानदीपकडे होता.

दुसऱ्या बैठकीला आम्ही ही नावं रोमन लिपीत कागदावर लिहिली आणि इथेच जन्मलेल्या एका आठ वर्षांच्या मुलीला वाचायला दिली. इथे नाव रोमनमध्ये लिहावंच लागतं. बँकेत, विम्याच्या कागदावर, शाळेच्या कुंपणावरच्या फलकावर, ईमेलच्या पत्त्यात, सगळीकडे. ज्ञानदीपचं रोमन रूप आपण "Dnyandeep" असं करतो. ज्ञ चा उच्चार मराठीत द्न्य असा होतो, हिंदीत ग्य होतो, म्हणून मराठी माणसाचं रोमन स्पेलिंग डी आणि एनने सुरू होतं. ज्ञानेश्वरचं "Dnyaneshwar" पाहिलं की माणूस मराठी आहे हे लगेच कळतं, आणि मला ते स्पेलिंग त्यासाठी प्रिय आहे. पण त्या मुलीला डीनंतर लगेच एन आलेला शब्द कुठून उचलायचा हेच कळेना. तिने डी वेगळा म्हटला, मग थांबली, मग उरलेलं एका दमात म्हणून टाकलं. हाच कागद खोली देणाऱ्या शाळेच्या कार्यालयात गेला असता तर तिथेही हेच झालं असतं, आणि वर्गाचं नाव दरवेळी फोनवर अक्षर अक्षर सांगत बसावं लागलं असतं.

किलबिल आम्हा सगळ्यांना आवडलं होतं. पाखरांचा आवाज, मुलांचा आवाज. रोमनमध्ये ते "Kilbil" झालं आणि खोलीतला तेरा वर्षांचा मुलगा मान वर करून पाहू लागला. टॅरंटिनोचा 2003चा, तलवारी आणि रक्ताने भरलेला चित्रपट याच नावाचा आहे, फक्त एल जास्त आहेत. शाळेत मित्रांना मराठी वर्गाचं नाव सांगायचं आणि त्यांनी तो चित्रपट आठवायचा, हे त्या मुलाला नको होतं. त्याचं म्हणणं बरोबर होतं. मराठीत गोड असलेला शब्द दुसऱ्या भाषेच्या कानात काय होतो, हे त्या भाषेत वाढलेल्या मुलालाच विचारावं लागतं. आपल्या कानाला ते ऐकूच येत नाही.

आता आवाजांचा प्रश्न. इंग्रजीत वाढलेल्या मुलाला मराठीतले काही आवाज सहज येतात आणि काही येत नाहीत, पण ते कोणते याचा आपला अंदाज बहुधा उलटा असतो. आपल्याला वाटतं त सोपा आणि ट कठीण. मुलांचं नेमकं याच्या उलट असतं. इंग्रजीचा टी आपल्या कानाला ट वाटतो. म्हणून तर टेबल, टॅक्सी, डॉक्टर हे शब्द मराठीत आले तेव्हा आपण ते ट आणि ड ने लिहिले. जिभेचं टोक दातांना टेकवून काढायचा त आणि द इंग्रजीत तसा नाहीच. त्यामुळे ही मुलं "तुला" म्हणताना "टुला" म्हणतात आणि "दादा"चं "डाडा" करतात. म्हणजे वर्गाच्या नावात तुतारी असेल तर ती पहिल्याच दिवशी टुटारी होणार. तुतारीला दुसरीही अडचण होती. ते आता एका पक्षाच्या चिन्हाशी जोडलेलं नाव आहे. मशाल, घड्याळ, कमळ यांचंही तेच झालंय. आपल्या मुलांच्या वर्गाला नाव देताना कुठलाही आजोबा निवडणुकीची आठवण काढेल असं नको, यावर सर्वांचं चटकन एकमत झालं.

ण आणि ळ हे आवाज मात्र खरोखरच कठीण. अंगण रोमनमध्ये "Angan" होतं, ण चा न होतो, आणि मूल तो शब्द हिंदी आंगनच्या जवळ नेऊन ठेवतं. ळ तर रोमनमध्ये दाखवताच येत नाही. तो नेहमी एल होतो.

आणि च, ज, झ. यांची अडचण देवनागरीतही दिसत नाही. मराठीत च चे दोन उच्चार आहेत. चिमणीतला वेगळा आणि चमच्यातला वेगळा. चमच्यातला च दातांच्या मागून, त्स सारखा येतो. चांदोबातला च हाच. लिहिताना दोन्हींना एकच अक्षर आहे, म्हणून आजीच्या तोंडून ऐकल्याशिवाय हा फरक मुलापर्यंत पोचत नाही. रोमन "Chandoba" वाचणारं मूल चिमणीतला च लावणार, आणि चांदोबा त्याच्या तोंडी नेहमीच थोडा परका राहणार. मुलाने तो च शिकावा असं मलाही वाटतं, पण तो शिकायला वर्षं जातात. वर्गाच्या नावातच तो ठेवला तर मूल रोज चुकीचं म्हणतं, आणि एकदा तोंडी बसलेला चुकीचा उच्चार पुढे काढणं फार जड जातं.

बालसंस्कार हे नाव दोन कारणांनी गळलं. पहिलं कारण वय. पाच वर्षांच्या मुलीला "बाल" चालतो, तेरा वर्षांच्या मुलाला चालत नाही, आणि आमची खरी काळजी तेरा वर्षांच्याच मुलांची होती. परदेशातल्या मराठी वर्गातली मुलं गळतात ती याच वयात. दुसरं कारण संस्कार हा शब्द. नोंदलेल्या सतरा मुलांत एक घर मराठी ख्रिस्ती होतं, एक कोकणी मुसलमान होतं आणि दोन घरांत एकच पालक मराठी होता. शिकवायची भाषा होती. संस्कार म्हटलं की पालक दुसरंच काही गृहीत धरतात, कुणी त्यासाठी येतात आणि कुणी त्यामुळे येत नाहीत.

मायबोलीवर बराच वेळ गेला. शब्द उत्तम आहे, आणि म्हणूनच तो आधीच बऱ्याच ठिकाणी वापरला गेलाय. त्या नावाचं मराठी संकेतस्थळ गेल्या शतकाच्या शेवटापासून चालू आहे. इस्रायलमध्ये स्थायिक झालेल्या बेने इस्रायल मंडळींनी याच नावाचं मराठी नियतकालिक चालवलं. कोकणातून गेलेल्या लोकांनी तिथे, हिब्रूच्या देशात, आपल्या मराठीला दिलेलं हे नाव वाचून मला फार बरं वाटलं होतं. पण आमच्या वर्गासाठी शोधताना पालकाला आम्ही सापडायला हवे होतो, आणि मायबोली लिहून शोधलं तर आम्ही शंभराव्या जागी असतो. नोंदणीचीही गोष्ट आहे. ऑस्ट्रेलियात व्यवसायाचं नाव नोंदवणारं कार्यालय अ‍ॅसिक. त्यांच्या नोंदवहीत कुणालाही फुकट शोध घेता येतो. आधी नोंदलेलं किंवा त्याच्या अगदी जवळचं नाव मिळत नाही. नोंदणी झाली म्हणजे त्या नावावर आपला ट्रेडमार्कचा हक्क आला असंही नाही. ती वेगळी गोष्ट आणि वेगळा खर्च. न्यू साउथ वेल्समध्ये संस्था म्हणून नोंदणी केली तर नावाच्या शेवटी इन्कॉर्पोरेटेड किंवा त्याचं लघुरूप लावावं लागतं. हे सगळं नाव पक्कं करण्याआधी पाहायचं. फलक छापून झाल्यावर पाहिलं तर पैसे दोनदा जातात.

आमचे पैसे एकदा गेलेच, पण ते वेगळ्या कारणाने. मधल्या काळात आम्ही अक्षर हे नाव जवळजवळ पक्कं केलं होतं. छोटं, सुंदर, रोमनमध्येही "Akshar" सरळ वाचता येतं. घाईने एका दुकानातून कापडी फलक छापून घेतला. तो आला तेव्हा त्यावर क्ष नव्हता. क होता, त्याच्या पायाशी हलन्त होता आणि शेजारी वेगळा ष होता. खाली "शनिवारी" लिहिलं होतं, त्यातली ह्रस्व वेलांटी न च्या उजवीकडे, व च्या आधी लोंबत होती. चूक दुकानदाराच्या हातची नव्हती, त्याला मराठी येतच नव्हती. देवनागरीत ह्रस्व इकार उच्चारायचा अक्षरानंतर पण काढायचा अक्षराआधी, आणि जोडाक्षरात दोन अक्षरं मिळून तिसरा आकार होतो. हे जुळवून दाखवायचं काम संगणकाच्या प्रणालीला करावं लागतं. छपाईच्या काही प्रणालींत ती सोय मुद्दाम चालू करावी लागते. ती बंद असली की वेलांट्या जागा सोडतात आणि जोडाक्षरं सुटतात. यावर उपाय सोपा आहे. मजकूर टाइप करून पाठवायचा नाही, घरी नीट जुळलेला मजकूर चित्र किंवा पीडीएफ करून पाठवायचा, आणि छापण्याआधी नमुना मागवून मराठी वाचणाऱ्या माणसाकडून तपासून घ्यायचा.

पण त्या फाटक्या क्ष ने मला दुसराच विचार सुचवला. आमच्या शिकवणाऱ्या ताई वर्णमाला क्रमाने शिकवत नाहीत. आधी सोपी, काना-वेलांटीची, सरळ अक्षरं घेतात आणि त्यांचे शब्द करतात. जोडाक्षरं बऱ्याच महिन्यांनी येतात. क्ष तर मुळाक्षरांच्या अगदी शेवटाला. म्हणजे अक्षर नावाच्या वर्गातलं मूल वर्षभर आपल्या वर्गाचं नाव वाचू शकणार नाही. ज्ञानदीपचंही तेच, सह्याद्रीचं तर दोनदा तेच. अंकुरमध्ये जोडाक्षर नाही, पण अनुस्वार आहे, आणि अनुस्वार हा मुलांना फार गोंधळात टाकणारा भाग असतो. टिंब तेच, पण अंकुरमध्ये त्याचा आवाज एक आणि आंबामध्ये दुसरा. पहिल्या शब्दातच तो नको.

तिसऱ्या बैठकीत मग आम्ही यादी उलट्या बाजूने वाचली. जोडाक्षर नको. अनुस्वार नको. ह्रस्व वेलांटी नको, कारण छपाईत ती हलते आणि पाच वर्षांच्या मुलालाही ती आधी की नंतर हे कळायला वेळ लागतो. त, द, ण, ळ आणि दोन उच्चारांचे च, ज, झ नकोत. उरलं एकच नाव. पाटी.

प ला काना, ट ला दीर्घ वेलांटी. दोन अक्षरं, दोन खुणा. ताईंनी हिशेब करून सांगितलं की तिसऱ्या शनिवारी मुलं हे नाव स्वतःच्या हाताने लिहितील. ट इंग्रजी मुलाच्या तोंडात आधीपासून बसलेला. आणि अर्थ तर तीन. लिहायची पाटी, दारावरची नावाची पाटी, आणि भाजीवालीच्या डोक्यावरची पाटी. पुण्याच्या एका बाबांनी लगेच चौथी म्हणून पुणेरी पाटीची आठवण काढली. ज्या आजींनी हे नाव सुचवलं होतं त्यांना दसऱ्याला पाटीवर एकाच्या आकड्यांनी काढायची सरस्वती आठवत होती. त्यांनी ती तिथल्या तिथे माझ्या वहीत काढून दाखवली.

एका पालकांचा आक्षेप होता की ही मुलं टॅबलेटवर लिहितात, पाटी त्यांनी पाहिलेलीच नाही. आक्षेप खरा होता. त्यावर उत्तर म्हणून आम्ही दगडी पाट्या मागवायचं ठरवलं. पाटीवर लिहून पुसता येतं, त्यामुळे पहिल्या महिन्यात चुकीची भीती उरत नाही. वर्गात ती खरोखर वापरली जाते, म्हणून नाव नुसतं नाव राहत नाही.

रोमन स्पेलिंगचा घोळ मात्र इथेही होता. "Pati" लिहिलं तर मराठी माणूस पती वाचतो. "Patti" लिहिलं तर पट्टी. म्हणून एक ए वाढवून "Paati". मग मुलांना वाचायला दिलं आणि सगळी हसली. ऑस्ट्रेलियाच्या इंग्रजीत आर बहुतेक जागी बोलला जात नाही. इथला माणूस पार्टी म्हणतो तेव्हा ते पाटीच ऐकू येतं. "शनिवारी मी पाटीला जाते" हे वाक्य मराठी-इंग्रजी मिसळून म्हटलं की मैत्रिणींना वाटतं ही दर आठवड्याला पार्टीला जाते. मुलांना ते फारच आवडलं. अमेरिकेत आर स्पष्ट बोलतात, तिथे हा योग जुळला नसता. त्यातच एका घरातल्या तमिळ आईने सांगितलं की त्यांच्याकडे पाट्टी म्हणजे आजी. आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांची मराठी आजीशी फोनवर बोलण्यापुरतीच उरली होती, त्यामुळे तो अर्थही कुणाला नकोसा झाला नाही.

पुढचा प्रश्न पाटीच्या मागे काय लावायचं. मराठी हा शब्द हवाच, कारण पालक शोधतात तो याच शब्दाने. रोमन "Marathi" इंग्रजी माणूस मॅरेथॉनच्या चालीवर वाचतो, टी आणि एच एकत्र दिसले की त्याची जीभ दातांमध्ये जाते. पण हे स्पेलिंग आपल्या हातात नाही. शाळा हा शब्द देवनागरीत ठेवायचा हे सर्वांना मान्य होतं. ळ नावात नको म्हटलं तरी वर्गात तो यायलाच हवा, आणि पाटीच्या खाली लहान अक्षरांत तो रोज दिसला तर बरंच. रोमनमध्ये मात्र "Shala" लिहू नये असं मी आग्रहाने सांगितलं. इथे तो शब्द योगाच्या वर्गांनी घेतलाय, म्हैसूरच्या योगपरंपरेतून तो जगभर गेला. "Marathi Shala" वाचून योगाची चौकशी करणारे फोन येतात. शिवाय बंगालीत शाला हा शब्द शिवी म्हणून सर्रास वापरतात, आणि आमच्या शेजारच्याच खोलीत शनिवारी बंगाली वर्ग भरतो. म्हणून देवनागरीत "पाटी मराठी शाळा" आणि रोमनमध्ये "Paati Marathi School". अ‍ॅसिकच्या नोंदवहीत शोधलं, जवळचं काही नव्हतं. ईमेलचा पत्ता मोकळा होता. साताऱ्याला फोन करून एका आजोबांना नाव एकदाच सांगितलं आणि त्यांना ते परत म्हणायला सांगितलं. त्यांनी म्हटलं, आणि विचारलं, "पेन्सिली कुठून आणणार?"

एक अडचण राहिली, ती आम्हाला पहिल्या महिन्यातच कळली. ऑस्ट्रेलियन बोलण्यात दोन स्वरांच्या मधला टी मऊ होतो, जवळजवळ ड सारखा. मुलं पाटीला भराभर बोलताना पाडी म्हणायला लागली. ट त्यांना येत होता, टेबल म्हणताना स्वच्छ येत होता, फक्त शब्दाच्या मध्ये आला की घसरत होता. ताईंनी त्यावर एक खेळ काढला. पातळ कागदाची पट्टी ओठांसमोर धरायची आणि वर्गाचं नाव म्हणायचं. टी ला पट्टी हलता कामा नये, पण आवाज टणक हवा. ठी ला पट्टी उडायला हवी, कारण ठ मध्ये श्वास आहे. "पाटी मराठी" म्हणताना कागद एकदाच उडाला तर बरोबर. दोनदा उडाला तर पाटीची पाठी झाली. एकदाही नाही उडाला तर मराठीची मराटी झाली.

सातव्या शनिवारी एक सहा वर्षांचा मुलगा फळ्याजवळ उभा होता. त्याने पाटीवर दोन्ही शब्द एकाखाली एक लिहिले आणि ताईंना दाखवलं की दोन्हींच्या शेवटी तीच दीर्घ वेलांटी आहे. ताईंनी त्याला आजी लिहायला सांगितलं. मग काकी. मग भाजी. तिन्ही वेळा त्याने वेलांटी उजवीकडेच काढली, आणि मग कागदाची पट्टी उचलून ओठांसमोर धरली.